अमावस्येच्या रात्री यादी का बदलत नाही

नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत मी काही वर्षं संगणक विभागात नोकरी केली. विभाग म्हणजे मी, एक सर्व्हर आणि एक एसी. एसी सर्व्हरसाठी होता. दोन हजार साल उलटून गेलं होतं, जगातले संगणक काही बंद पडले नव्हते, आणि आमच्या कंपनीला आता आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळालं की बाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवायचं, असं ठरलं होतं. रंगाऱ्याला सांगूनही झालं होतं.

त्याच सुमारास मी राजीनामा दिला. औरंगाबादेत दुसरी नोकरी मिळाली होती, पण तिथे रुजू होताना इथून कार्यमुक्तीचं पत्र न्यावं लागणार होतं. आमच्या साहेबांनी अट घातली: माझ्या जागी येणाऱ्या मुलीला सगळं समजावून द्यायचं, रात्रीच्या स्क्रिप्टबद्दल एक टिपण लिहायचं, त्यावर दोघांनी सह्या करायच्या, मग पत्र. अट रास्त होती. रात्रीची स्क्रिप्ट हाच आमच्या विभागाचा जीव होता आणि ती काय करते हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

टिपण मी मराठीत लिहिलं. स्क्रिप्ट म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम; ती रोज रात्री अकरा वाजता आपोआप सुरू होते. दिवसभरात लॅबने भरलेले उगवणशक्तीचे निकाल ती एका फाइलमधून उचलते आणि कोणत्या लॉटची, म्हणजे एका खेपेच्या बियाण्याची, किती पोती कुठल्या गोदामात आहेत हे दुसऱ्या फाइलमधून. दोन्ही लॉट नंबरावरून जोडते. प्रत्येक पिकाची किमान मर्यादा तिसऱ्या छोट्या फाइलमध्ये आहे: सोयाबीनला सत्तर टक्के, कापसाला पासष्ट, ज्वारीला पंच्याहत्तर. ज्या लॉटचा सगळ्यात ताजा निकाल मर्यादेइतका किंवा जास्त आहे आणि ज्याची पोती शिल्लक आहेत, तो रवानगीच्या यादीत जातो. सकाळी गेटवरचा कारकून ती यादी छापतो आणि तिच्यावर बोट ठेवून ट्रक भरले जातात. यादीत नसलेला लॉट गेटबाहेर पडत नाही. आणि यादीत असलेला लॉट कुणी अडवत नाही.

मग मी तिच्या खोडी लिहिल्या. घनसावंगी आणि जाफराबादच्या डेपोंचा साठा फ्लॉपीवर येतो, एसटीच्या पार्सलने किंवा जीपवाल्याच्या हाती. फ्लॉपी आली नाही तर स्क्रिप्ट तक्रार करत नाही, गुपचूप जुना साठा वापरते, म्हणून फाइलची तारीख रोज डोळ्यांनी बघावी. लॉट नंबरापुढे कुणी चुकून मोकळी जागा सोडली तर दोन्ही फायली जुळत नाहीत आणि तो लॉट यादीतून नाहीसा होतो. निकालाचा रकाना रिकामा असेल तर तो शून्य धरला जातो आणि लॉट नापास होतो; हे बरोबर आहे, ते सुधारायला जाऊ नये. यादीच्या डोक्यावरची तारीख स्क्रिप्ट घालत नाही, गेटवरचा छपाईचा प्रोग्रॅम घालतो. यादी जुनी असली तरी तारीख आजचीच दिसते.

आणि शेवटची खोड. ती लिहिताना मी पेन दोनदा खाली ठेवलं.

स्क्रिप्टच्या अगदी पहिल्या ओळीत एक चौथी फाइल उघडते. त्या फाइलमध्ये फक्त तारखा आहेत. आजची तारीख तिथे सापडली तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. काही करत नाही, काही पुसत नाही, काही कळवत नाही. कालची यादी जागच्या जागी राहते आणि सकाळी नव्या तारखेने छापली जाते.

त्या तारखा अमावस्येच्या होत्या.

हे माझ्या आधीच्या माणसाने केलं होतं. कंपनीच्या म्हाताऱ्या शेठनी कधीतरी सांगितलं होतं म्हणे, की अमावस्येला नवीन लॉट उघडायचा नाही. पूर्वी एकदा उघडला होता आणि ट्रक उलटला होता. हमाल बचावले, पण गोष्ट राहिली. साहेबांनी हुकूम खाली पोचवला, आणि आधीच्या माणसाने सगळ्यात सोपा मार्ग काढला: अमावस्येला स्क्रिप्टच चालवायची नाही. तारखा दरवर्षी पंचांगातून भरायच्या. अमावस्या एका दुपारी लागून दुसऱ्या दुपारी संपत असेल तर दोन्ही तारखा. म्हणजे कधी कधी सलग दोन रात्री. त्यातही आश्विन अमावस्या फाइलमध्ये नव्हती, कारण त्या दिवशी लक्ष्मीपूजन, त्या दिवशी धंदा मंगल. अकरा अमावस्या वाईट आणि बारावी चांगली! हे सांगताना साहेबांना हसू येत नसे. टाइप करताना मला येत असे आणि त्याच्या पाठोपाठ लाज.

माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात पंचांग नाही. त्याऐवजी पत्रकं होती. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे आणि चळवळीची पत्रकं उरली की घरी आणायचे. पाठ्यपुस्तकांना पत्रकांची कव्हरं, डब्याखाली पत्रक, फळीवर पत्रक. मी वाचायला शिकलो ते ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ या दोन शब्दांवर. नवस, मुहूर्त, ग्रह, अमावस्या या सगळ्यांविरुद्ध माझ्या वहीच्या कव्हरावर ठणठणीत भाषेत लिहिलेलं असायचं. आणि मी, त्या घरातला पहिला पगारदार, दरवर्षी दिवाळीनंतर साहेबांच्या टेबलावरचं पंचांग मागून आणायचो आणि अमावस्या टाइप करायचो. वडिलांना हे कधी सांगितलं नाही.

पण लाजेपेक्षा वाईट दुसरं होतं. नवीन लॉट पास होऊ नये म्हणून स्क्रिप्ट थांबायची, तेव्हा जुना लॉट नापास होणंही थांबायचं. साठवलेल्या बियाण्याची लॅबमध्ये पुन्हा पुन्हा चाचणी होते. सोयाबीन तर फार नाजूक. पोतं जोरात आपटलं तरी उगवण घसरते. काल पंच्याहत्तर असलेला लॉट आज साठवर येऊ शकतो. आज अमावस्या असेल, तर तो साठवरचा लॉट उद्या सकाळच्या यादीत पंच्याहत्तरच्या रुबाबात बसलेला असतो. ही ओळच काढून टाका, असं मी साहेबांना दोनदा लेखी दिलं होतं. दोन्ही कागद कुठे गेले मला माहीत नाही.

टिपण घेऊन गेलो तेव्हा साहेब चहात बिस्कीट बुडवत होते. वाचता वाचता बिस्कीट तुटून चहात पडलं.

“हे काय लिहिलं तू?”

“जे आहे ते.”

“पुढच्या आठवड्यात ऑडिटवाले येऊन राह्यले. हे वाचतील ते. अमावस्या! आंतरराष्ट्रीय दर्जा आन् अमावस्या!”

“मग ओळ काढू या. लिहायची गरजच उरणार नाही.”

“शेठला कोण सांगंल? तू? तू तर चालला पळून.” त्यांनी चमच्याने बिस्किटाचा लगदा काढला. “असं कर. लिही, महिन्यातून एकदा देखभालीसाठी सर्व्हर बंद. कोणाला शंका न्हाई. इंग्रजीत लिही, मेंटेनन्स. आन् मराठी टिपण इथंच ठेव.”

“सर्व्हर बंद नसतो साहेब. चालू असतो.”

“तुला पत्र पाह्यजे का न्हाई?”

मी बाहेर आलो. अंधश्रद्धेचा राग मला लहानपणापासून होता, त्याची सवय होती. ही किळस नवीन होती. हा माणूस अमावस्या मानत होता, तिच्यासाठी यंत्र थांबवत होता, आणि पाहुणे यायच्या वेळी तिला इंग्रजी कपडे घालत होता. मानतोस तर मान, छातीवर हात ठेवून सांग. तेवढीसुद्धा निष्ठा नाही. कंपनीत असे खूप जण होते. गंडा बाहीच्या आत आणि पेन खिशाच्या बाहेर.

माझ्या जागी आलेली मुलगी जाफराबादकडची होती, शेतकऱ्याच्या घरातली, डिप्लोमा केलेली. तीन महिने तिला प्रोबेशनवर ठेवलं होतं. रोज सकाळी जीपने यायची, जागा नसली तर ड्रायव्हरशेजारी गिअरला पाय लागू न देता बसून. आल्या आल्या पाणी प्यायची आणि स्क्रिप्टचा कागद पुढे ओढायची. मी तिला साहेबांचं सगळं सांगितलं. ती माझ्या बाजूने भडकेल अशी माझी खात्री होती.

“आमच्या घरी बी अमावस्येला नवं काम धरत न्हाईत,” ती म्हणाली. “पेरणीला बिलकुल न्हाई. माझा बाप औताला हातच लावत न्हाई.”

“आणि तुम्ही? तुम्ही संगणक शिकलात ना?”

“मी पण पाळते सर. त्यात लाजायचं काय?”

मी तिला जे ऐकवलं ते बहुतेक एखादं पत्रक असावं. चंद्र, पृथ्वी, सूर्य, सावली, हजार वर्षांची गुलामी, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“झालं का सर?”

“हो.”

“मंग सांगा, ती तारखांची फाइल कोणच्या फोल्डरमधी हाय?”

मला ती आवडली नाही. मी तिच्याशी दोन दिवस कामापुरतंच बोललो. तिला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. डब्यातली चटणी तिने मला तरीही दिली, आणि मी ती घेतली.

त्याच आठवड्यात अमावस्या होती. रवानगीचा हंगाम, ट्रकांची रांग रेल्वे स्टेशनच्या रस्त्यापर्यंत गेलेली. त्या दिवशी संध्याकाळी लॅबमधली बाई आमच्या दारात उभी राहून म्हणाली, “एक सोयाबीनचा लॉट पडला हं. वाळूच्या ट्रेमध्ये लावला होता, आज आठव्या दिवसाची मोजणी. अठ्ठावन्न. परत मोजलं. मी भरलंय संगणकात.”

नव्या मुलीने लॉट नंबर लिहून घेतला. आम्ही दोघांनी फाइल उघडून पाहिली. निकाल आला होता, बरोबर, अठ्ठावन्न.

“आज रात्री स्क्रिप्ट चालणार न्हाई,” ती म्हणाली.

“नाही.”

“म्हंजे उद्या हा लॉट यादीत.”

“हो. हीच ती खोड. हीच साहेबांना देखभाल म्हणून लिहायची आहे.”

साहेबांच्या हुकमाशिवाय स्क्रिप्टला हात लावता येत नव्हता, म्हणून आम्ही गेटवर जाऊन कारकुनाला सांगितलं. त्याने मान हलवली, पण यादी छापल्याशिवाय आपण कोण अडवणार, असं त्याच्या मानेतच होतं. सकाळी मी लवकर गेलो, तर ती माझ्याआधी गेटवर. तो लॉट भरून ट्रक जाफराबादच्या डेपोकडे निघून गेला होता.

“तुम्हाला सांगितलं होतं ना आम्ही?” ती कारकुनाला म्हणत होती.

“ताई, हे बघा.” त्याने यादी पुढे धरली. “तारीख आजची. लॉट यादीत. साहेबाची सही बी हाय. मंग? मी यादी बघू का तुमचं तोंड?”

“यादी कालची हाय!”

“तारीख आजची हाय.”

साहेबांकडे मी एकटा जाणार होतो. ती मागोमाग आली. साहेबांनी ऐकलं आणि खुर्ची मागे झुकवली.

“एका दिवसाने काय फरक पडतो रे? आज रात्री स्क्रिप्ट चालंल, लॉट निघंल यादीतून.”

“लॉट ट्रकमधून निघाला आहे साहेब. तो आज संध्याकाळी दुकानात जाईल, परवा मातीत.”

“अठ्ठावन्न म्हंजे निम्म्याच्या वर उगवलंच ना? बाकीचं काय, पाऊस कमी पडला म्हणतील, खोल पेरलं म्हणतील. शेतकऱ्याला कुठं समजतं.”

हे वाक्य तो माणूस तिच्यासमोर बोलला. तिच्याकडे बघूनच बोलला, कारण ती त्याला शेतकऱ्याची मुलगी म्हणून दिसतच नव्हती, प्रोबेशनवरची मुलगी म्हणून दिसत होती. मला त्याच्या टेबलावरचं काचेचं पेपरवेट उचलून फेकावंसं वाटलं. मी मोठमोठ्याने बोलू लागलो. काय बोललो ते आठवत नाही. शब्द मोठे होते एवढं नक्की. साहेबांना माझ्या ओरडण्याची सवय होती.

ती मध्येच उठून गेली. मला वाटलं, रडायला गेली.

ती शेठकडे गेली होती. म्हातारे शेठ आता कंपनीत फक्त सकाळी यायचे, मागच्या खोलीत गादीवर बसून वर्तमानपत्र वाचायचे. त्यांच्याकडे थेट कुणी जात नसे. मी इतक्या वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. माझ्या मते तो माणूस रोगाचं मूळ होता आणि मुळाशी काय बोलायचं? तिला शोधत मी पोचलो तेव्हा ती दाराशी उभी होती, चपला बाहेर काढून.

“शेठजी, एक इचारायचं होतं. अमावस्येला नवीन लॉट उघडायचा न्हाई, असं तुमीच म्हणलात का?”

“हां. म्हणलो. बराबर हाय ते. तुमच्या घरी उघडतेत का?”

“न्हाई शेठजी, आमी बी न्हाई. पण खराब झालेला माल अमावस्येला रोखायचा न्हाई, असं म्हणलात का?”

शेठनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “हे कोण म्हणलं? खराब माल रोखायला मुहूर्त लागतो का? सापाला मारायला पंचांग बघता का तुमी?”

“मशीन तसंच करून राह्यलं. अमावस्येला काहीच बदलत न्हाई. आज अठ्ठावन्नचा लॉट गेला जाफराबादला. आमच्याच तिकडं जाणार तो.”

“कवापासून चाललंय हे?”

“मी यायच्या आधीपासून,” मी दारातून म्हणालो. “मी दोनदा लिहून दिलं होतं.”

“मला कुणी दिलं?” शेठ म्हणाले. “मला वाटलं, फकत नवीन थांबतं.” त्यांनी फोन ओढला. जाफराबादच्या डेपोवाल्याला त्यांनी जे सांगितलं ते छापण्यासारखं नव्हतं, पण ट्रक तिथेच उभा राहिला, पोती उतरली नाहीत. मग साहेबांना बोलावणं गेलं. साहेब शर्ट आत खोचत आले.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. गादीवरच्या म्हाताऱ्याने एक वाक्य उच्चारलं होतं, आणि सुशिक्षित माणसांची एक उतरंड इतकी वर्षं त्या वाक्याचा अर्थ न विचारता त्याच्यापुढे वाकून उभी होती. कुणी विचारलं असतं तर पाच मिनिटांत मिटलं असतं. विचारायला हिंमत नव्हती असंही नाही. गरज वाटली नव्हती. अठ्ठावन्नवर आलेलं सोयाबीन त्यांच्या अंगणात थोडंच पेरलं जाणार होतं.

दुपारी ती म्हणाली, “सर, बसा इथं. आपण जल्दी करून टाकू.”

“ती पहिली ओळ काढून टाका. सगळी काढा.”

“शेठनी नवीन उघडू नका म्हणलंय. ते कशाला मोडायचं?”

“मग निम्मी अंधश्रद्धा ठेवणार?”

“पेरणाऱ्याचं नुकसान जेवढ्यात होतं तेवढं काढते. बाकीच्याचं तुमी पत्रक काढा.” हे ती हसत म्हणाली, आणि मला ते लागलं.

तिने केलं ते साधं होतं. त्या तारखांनाही स्क्रिप्ट नेहमीसारखी पूर्ण चालेल आणि आजची यादी वेगळी तयार करेल. मग ती कालच्या यादीशी ताडून बघेल, आणि दोन्हीत असलेले लॉटच ठेवेल. नापास झालेला आजच्या यादीत नसतो, म्हणून तो निघतो. नवीन पास झालेला कालच्या यादीत नसतो, म्हणून तो थांबतो. सलग दोन दिवस अमावस्या असली तरी चालतं. आम्ही कालच्या फायलींवर चालवून पाहिलं. अठ्ठावन्नचा लॉट निघाला, आणि त्याच दिवशी पास झालेला ज्वारीचा एक लॉट थांबला. नवीन यादी जुनीवर लिहिण्याआधी जुनीची एक प्रत बाजूला ठेवायला मी सांगितलं. तिने मान हलवली, ते टाइपही केलं.

टिपणाचं भांडण मात्र तसंच होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी इंग्रजी टिपण पुढे केलं. सुंदर टाइप केलेलं, वर कंपनीचं चिन्ह. शेवटच्या खोडीच्या जागी इंग्रजीत ‘मासिक देखभाल’.

“शेठ पण म्हणले, कागदावर अमावस्या नको,” साहेब म्हणाले. “काम झालं ना तुमचं? मंग आता सह्या करा.”

“मी खोट्यावर सही करणार नाही.”

“तुझं पत्र या टिपणाखाली दाबून ठेवलंय, हे दिसतंय ना?”

दिसत होतं. पत्राचा कोपरा बाहेर आला होता. मी हात मागे घेतला. साहेबांनी कागद तिच्याकडे सरकवला. “तू कर. तुला समजलं असं लिही खाली.”

तिने पूर्ण वाचलं, ओळीखाली बोट फिरवत. “मी ‘मिळालं’ लिहिते. ‘समजलं’ लिहीत न्हाई.”

“का?”

“यात लिहिलंय तसं मशीन चालत न्हाई. उद्या काही झालं तर तुमी म्हणाल, हिनं समजलं म्हणून सही केल्ती.”

“प्रोबेशनवर हायेस तू, इसरू नको.”

“म्हणूनच तर साहेब. पर्मनंट असते तर केली असती सही.”

ऑडिट तोंडावर होतं, सह्या दोन्ही हव्या होत्या, आणि ही मुलगी शेठकडे चपला काढून जाते हे आता सगळ्या ऑफिसला माहीत होतं. साहेबांनी पेन काढलं, ‘मासिक देखभाल’ खोडलं आणि विचार केला. कारकुनी बुद्धी अशा वेळी चालते, फार छान चालते. इंग्रजी जुळेना, म्हणून त्यांनी मराठीतच लिहिलं: ‘व्यवस्थापनाने ठरवलेल्या दिवशी नवीन लॉट यादीत घेतले जात नाहीत.’

“घे. खोटं हाय का यात काही?”

खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त वाईट होतं. व्यवस्थापनाने ठरवलेले दिवस! आकाशात चंद्र नसल्याचं ठरवणारं व्यवस्थापन. असल्या वाक्यांनीच हा देश चालतो. एक शब्द खोटा नसतो आणि वाचणाऱ्याला काही म्हणून कळत नाही.

“पुढे आणखी एक वाक्य हवं,” मी म्हणालो. “त्या दिवशी नापास झालेला लॉट त्याच रात्री यादीतून निघालाच पाहिजे. हे लिहा. त्याशिवाय नाही.”

“मशीनमधी केलं ना हिनं?”

“मशीन उद्या कुणीतरी बदलेल. माझ्या आधीच्याने बदललं तसं. कागदावर असेल तर त्याला विचारता येईल.”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “ते लिवा साहेब. ते बराबर हाय.”

त्यांनी लिहिलं. ‘निघालाच पाहिजे’ यातला ‘च’ त्यांनी गाळला होता. मी पेन घेतलं, तो घातला आणि सही केली. तिने खाली ‘मिळाले व समजले’ लिहिलं, तारीख घातली. साहेबांनी पत्र माझ्यासमोर टाकलं, हातात दिलं नाही.

“एवढा तमाशा केला, आन् मिळालं काय?” ते म्हणाले. “एक वाक्य.”

मी पत्र घडी करून खिशात ठेवलं. त्यात माझ्या सचोटीची स्तुती होती, खाली त्याच माणसाची सही. वाचून हात धुवावेत असं वाटलं, आणि मी खरोखरच बाहेरच्या नळावर जाऊन धुतले. परत आलो तेव्हा ती माझ्या खुर्चीत बसून टिपणाची झेरॉक्स सर्व्हरच्या टेबलाला चिकटपट्टीने लावत होती. साहेबांच्या त्या वाक्यात ‘ठरवलेल्या दिवशी’ या शब्दांवर तिने छोटा बाण काढला होता, आणि समासात, शाळेतल्या नीट अक्षरात, एकच शब्द लिहिला होता.

“ऑडिटवाले बघतील,” मी म्हणालो.

“बघू द्या. विचारलं तर सांगीन, आमी पाळतो म्हणून.”